त्रितालात सम सापडायची तर आधी खाली ऐका

त्रितालाचा ठेका पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. सोळा मात्रा, त्यातही बोल मोजकेच, आणि बरेचसे पुन्हा पुन्हा येणारे. तरीही तीन-चार महिने तबला शिकलेल्या मुलासमोर लेहऱ्याची पुन्हा पुन्हा येणारी धून लावली आणि मधूनच विचारलं, "सांग, आता सम कधी येणार?" तर बहुतेक जण गोंधळतात. ठेका तोंडपाठ असतो, हात बसलेला असतो, पण आपण आवर्तनात नेमके कुठं आहोत हे कळत नसतं.

सांगलीत माझ्याकडे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारा एक विद्यार्थी संध्याकाळी येतो. वय पंचवीस, हात चांगला, रियाज नियमित. त्याला मी त्रितालातली एक छोटी तिहाई, म्हणजे लागोपाठ तीनदा वाजवायचा एकच तुकडा, दिली, खालीपासून सुरू होऊन समेवर संपणारी. पुढच्या खेपेला त्याने ती वाजवून दाखवली आणि ती बरोबर एका मात्रेने उशिरा, दुसऱ्या मात्रेवर संपली. पुन्हा वाजवली, पुन्हा दुसऱ्या मात्रेवर. लय हलत नव्हती, बोल गळत नव्हते. तो म्हणाला, "सर, मी खालीपासूनच उचलतोय." आणि त्याच्या कानाला तसंच वाटत होतं. चूक त्याच्या हातात नव्हती. त्रितालाच्या ठेक्यात हाताची खाली आणि कानाला ऐकू येणारी खाली एका मात्रेच्या अंतरावर असतात, आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. हा लेख त्या एका मात्रेबद्दल आहे. ती समजली की सम, टाळी आणि खाली या तिन्ही गोष्टी जागच्या जागी बसतात.

ठेक्याची मांडणी

आधी ठेका चार ओळींत लिहून काढू. वहीतही असाच लिहा, एका ओळीत सोळा मात्रा लिहू नका.

धा धिं धिं धा (मात्रा १ ते ४, पहिली टाळी, हीच सम)
धा धिं धिं धा (मात्रा ५ ते ८, दुसरी टाळी)
धा तिं तिं ता (मात्रा ९ ते १२, खाली)
ता धिं धिं धा (मात्रा १३ ते १६, तिसरी टाळी)

प्रत्येक ओळ म्हणजे एक विभाग, त्यालाच खंड असंही म्हणतात. चार मात्रांचे चार खंड. टाळी किंवा खाली नेहमी खंडाच्या पहिल्या मात्रेवर दाखवायची. म्हणजे टाळ्या १, ५ आणि १३ या मात्रांवर, खाली ९ वर. आपल्याकडे जुने लोक खालीला 'काल' म्हणतात, 'टाळी-काल दाखव' असं सांगतात. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे.

टाळ्या तीन म्हणून त्रिताल, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. पण खाली कशासाठी, हा प्रश्न नवशिक्याने जरूर विचारावा. त्याचं उत्तर स्वतः करून बघा. 'धा धिं धिं धा' ही एकच ओळ चार वेळा म्हणा, सोळा मात्रा होतील. आता दुसऱ्या कोणाला तरी मधूनच ऐकायला लावा आणि समेवर हात उचलायला सांगा. त्याला सांगता येणार नाही, कारण चारही खंड हुबेहूब सारखे आहेत. गणपतीच्या आरतीत आपण टाळ्या वाजवतो तेव्हा प्रत्येक टाळी सारखीच असते, लय मिळते पण कितवी टाळी हे विचारण्यात अर्थ नसतो. त्रितालात तिसरी ओळ बदलते, आणि ती बदलते म्हणूनच पहिली ओळ पहिली ठरते. म्हणून मी मुलांना सांगतो की समेचा पत्ता समेवर शोधू नका, तो खालीपाशी लिहिलेला असतो.

पहिली पायरी: तबल्याला हात न लावता, घड्याळासमोर

पहिला आठवडा तबला झाकलेलाच ठेवा. मांडी घालून बसा, समोर टिकटिक करणारं भिंतीवरचं घड्याळ हवं. त्याचा सेकंद काटा मिनिटाला साठ ठोके देतो, आणि सुरुवातीला एवढीच लय योग्य आहे. एक टिक म्हणजे एक मात्रा. एक आवर्तन सोळा सेकंदांचं होईल.

हात असे ठेवा. टाळीच्या मात्रेवर उजव्या हाताने डाव्या तळव्यावर टाळी द्या. पुढच्या तीन मात्रांना उजव्या हाताचा अंगठा क्रमाने करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यांना लावा. खालीच्या मात्रेवर टाळी द्यायची नाही, उजवा हात बाजूला नेऊन तळवा वर करून मोकळा सोडायचा, आणि पुढच्या तीन मात्रा पुन्हा बोटांवर. खालीच्या वेळी हात नुसता थांबवू नका. तो नीट बाहेर गेला पाहिजे. हाताची ही हालचाल शरीराला आठवते, आणि पुढे वाजवताना हात मोकळे नसतात तेव्हा हीच आठवण उपयोगी पडते.

काटा बारावर असताना पहिला धा म्हणा. दुसरी सम सोळाव्या सेकंदाला येईल, तिसरी बत्तिसाव्या, चौथी अठ्ठेचाळिसाव्या, आणि पाचवी पुढच्या मिनिटाच्या चौथ्या सेकंदाला. असंच म्हणत राहिलात तर बरोबर चार मिनिटांनी, पंधरा आवर्तनं संपवून, सम पुन्हा बारावर येते. २४० सेकंदांत सोळा सेकंदांची पंधरा आवर्तनं तंतोतंत बसतात. मला हा हिशेब फार आवडतो, कारण यात गुरुजी शेजारी नसले तरी तुमची परीक्षा होते. चार मिनिटांनंतर सम बाराच्या एक सेकंद अलीकडे आली तर कुठंतरी एक मात्रा गिळली गेली. तीन सेकंद अलीकडे आली तर तीन. बाराच्या पुढे गेली तर तितक्या मात्रा जास्तीच्या म्हटल्या गेल्या. आणि सम नऊच्या आकड्यावर आली, म्हणजे पंधरा सेकंद अलीकडे, तर प्रत्येक आवर्तनात एक मात्रा नेमाने खाल्ली जात आहे असं समजा.

बहुतेकांची मात्रा गळते, वाढत नाही. त्याचं कारण ठेक्यातच आहे. वरच्या चार ओळी पुन्हा बघा. पहिली ओळ 'धा'ने संपते, दुसरी 'धा'ने सुरू होते. दुसरी 'धा'ने संपते, तिसरी 'धा'ने सुरू होते. तिसरी 'ता'ने संपते, चौथी 'ता'ने सुरू होते. चौथी 'धा'ने संपते आणि पुन्हा सम 'धा'. म्हणजे प्रत्येक सांध्यावर एकच बोल दोनदा लागोपाठ येतो. घाई झाली की त्या जोडीतला एक निसटतो आणि तोंडाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण म्हणताना काहीच अडखळत नाही. सगळ्यात जास्त गळतो तो बारा आणि तेरा मात्रांच्या सांध्यावरचा 'ता'.

यावर माझ्याकडे चालणारा उपाय असा. प्रत्येक खंडाच्या पहिल्या बोलाऐवजी टाळीचा आकडा म्हणायचा:

एक धिं धिं धा
दोन धिं धिं धा
खाली तिं तिं ता
तीन धिं धिं धा

आता सांध्यावर दोन सारखे बोल उरत नाहीत, त्यामुळे गिळायला काही मिळत नाही. शिवाय तोंड, हात आणि कान तिघांनाही एकाच वेळी कळतं की आपण कुठं आहोत. चार मिनिटांच्या कसोटीत सलग तीन दिवस सम बारावर आली की मगच मूळ बोलांकडे परता. त्या वेळीही मनात आकडे चालू असू देत.

घड्याळाची ही कसोटी मात्रा गळणं पकडते, लय वाढणं पकडत नाही, कारण टिकटिक तुम्हाला धरून ठेवते. लय तपासायला नंतर घड्याळाशिवाय फोनवर दहा आवर्तनं ध्वनिमुद्रित करा. साठच्या लयीला पहिल्या पाच आवर्तनांना ८० सेकंद लागले पाहिजेत आणि पुढच्या पाचांनाही तेवढेच. पुढची पाच ७२ सेकंदांत संपली तर तुम्ही पळताय. नवशिके बहुधा खालीच्या खंडात पळतात. तिथं आवाज हलका होतो, काम कमी वाटतं, आणि माणूस पुढच्या भरीव खंडाकडे ओढला जातो.

दुसरी पायरी: डग्गा कुठं थांबतो ते ऐका

आता तबला उघडा. धा आणि ता यांच्यातला फरक तुम्हाला माहीत आहे. उजव्या हाताने चाटेवर ता, आणि त्याच वेळी डाव्या हाताने डग्ग्यावर घे, दोन्ही मिळून धा. तसंच तिं आणि घे मिळून धिं. म्हणजे धा आणि धिं मध्ये डग्गा आहे, ता आणि तिं मध्ये नाही. भरीव आणि रिकामा यातला सगळा फरक डाव्या हाताचा आहे.

आता ठेका नुसत्या डाव्या हाताच्या नजरेने वाचा. मात्रा १ ते ९ पर्यंत प्रत्येक बोलात डग्गा आहे. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, आणि नववा धासुद्धा. मग दहा, अकरा, बारा, तेरा: तिं तिं ता ता. इथं डग्गा गप्प आहे. चौदाव्या मात्रेला धिं येतो आणि डग्गा परततो.

इथंच ती एक मात्रा आहे. हाताने आपण खाली नवव्या मात्रेवर दाखवतो, पण नवव्या मात्रेचा बोल भरीव धा आहे. कानाला पोकळी जाणवते ती दहाव्या मात्रेपासून. आणि हाताने तिसरी टाळी तेराव्या मात्रेवर देतो, तेव्हा बोल रिकामा ता असतो. डग्गा परत येतो तो चौदाव्यावर. डोळ्याला आणि हाताला खाली नऊ ते बारा, कानाला दहा ते तेरा. ठेक्याचा रिकामा भाग एका मात्रेने पुढे सरकलेला आहे.

माझ्या विद्यार्थ्याचं नेमकं इथं चुकत होतं. तो लेहऱ्यावर ठेका वाजवत असे, डग्गा थांबला की 'आली खाली' असं समजत असे आणि तिथून तिहाई उचलत असे. म्हणजे नवव्याऐवजी दहाव्या मात्रेपासून. मग तिहाई एका मात्रेने उशिरा संपणारच.

हे कानात बसवायचा एक साधा सराव आहे. उजवा हात मांडीवर ठेवा आणि ठेका तोंडाने म्हणत फक्त डग्गा वाजवा. नऊ वेळा घे, चार मात्रा शांत, तीन वेळा घे. नऊ, चार, तीन. हे तीन आकडे मिळून सोळा होतात. शांत चार मात्रांतही तोंड चालू राहिलं पाहिजे, नाहीतर तिथं अंदाजाने वेळ काढायची सवय लागते. दोन दिवस एवढंच केलंत तरी त्रितालाची खरी आकृती कानात उमटते. ती चार समान चौकोनांची नसते. लांब भरीव पट्टा, मग पोकळी, मग समेकडे नेणारी तीन पावलं, अशी असते.

एक अडचण इथं हमखास येते. विलंबित लयीत नवव्या धाचा घुमारा दहाव्या मात्रेवरही रेंगाळतो, त्यामुळे पोकळी अकराव्या मात्रेपासून सुरू झाल्यासारखी वाटते. दहाव्या मात्रेला तिं वाजवताना डाव्या हाताचा तळवा डग्ग्याच्या पुडीवर अलगद टेकवा. आस थांबते आणि तिं मोकळा ऐकू येतो. थोपटू मात्र नका, नाहीतर तिथं 'क' ऐकू येईल.

तिसरी पायरी: मधूनच ऐकून सम पकडणं

आता याच ज्ञानाचा उपयोग उलट्या दिशेने करू. कोणीतरी त्रिताल वाजवतंय, तुम्ही मधूनच आलात. आकडे मोजायचा प्रयत्न करू नका, एक कुठं हेच ठाऊक नसताना मोजणार काय? नुसता डग्गा ऐका. तो गेला की सावध व्हा. तो परत आला की तो चौदावा धिं. त्यानंतर पंधरावा धिं, सोळावा धा, आणि त्यापुढचा धा म्हणजे सम. डग्गा परतल्यावर 'धिं धिं धा' एवढं मनात म्हणा आणि पुढच्या मात्रेला टाळी द्या.

ही पद्धत सरळ ठेका चालू असताना हमखास लागू पडते. तबलजी मध्ये भरणा करत असेल, तुकडे वाजवत असेल, तर डग्गा या जागा सोडून कुठंही बोलू शकतो. तेव्हा लेहऱ्याचा किंवा गाण्याचा आधार घ्यावा लागतो. लेहरा म्हणजे पेटीवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची धून पुन्हा पुन्हा वाजणं, आणि ती धून दर आवर्तनाला समेवर येऊन विसावते. फोनवरही लेहरा मिळतो. पहिल्या महिन्यात तो ८० च्या लयीला लावा, म्हणजे आवर्तन बारा सेकंदांचं होईल. धून चांगली पाठ झाल्याशिवाय तिच्यावर वाजवायला बसू नका, आधी दोन दिवस तिच्यावर फक्त टाळी-खाली दाखवा.

समेवर जोरात थाप मारायची सवय मात्र लावून घेऊ नका. अनेकांना वाटतं सम म्हणजे मोठा आवाज. सम ही जागा आहे, आवाज नव्हे. मिरजेला दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने तिथं एक रात्र तरी बसावं आणि नुसते श्रोत्यांचे हात बघावेत. गायक मुखडा घेऊन समेवर आला की जाणत्या श्रोत्याचा हात किंवा मान आपोआप खाली येते, तबलजीने ती मात्रा अगदी हळू वाजवली तरीही. मध्यलयीतल्या त्रितालाच्या कित्येक बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठतो. गायकाने मुखडा तिथून घेतला तर समेला आठ मात्रा उरलेल्या असतात. सगळ्या बंदिशी तिथून उठत नाहीत, काही सातव्यापासून, काही समेपासूनच, तेव्हा हा अंदाज ठेक्याशी ताडून घ्यायचा.

चौथी पायरी: तिहाईचा हिशेब

आता विद्यार्थ्याच्या तिहाईकडे परत येऊ. तिचा तुकडा असा होता: तिट, कत, धा. तीन मात्रा, प्रत्येक मात्रेवर एक. हाच तुकडा तीनदा, मध्ये थांबा नाही. तीन त्रिक नऊ मात्रा. शेवटचा, म्हणजे नववा ठोका समेवर पडायला हवा. पुढच्या आवर्तनाच्या समेला आपण सतरावी मात्रा समजू. नववा ठोका सतराव्यावर हवा तर पहिला ठोका नवव्यावर हवा. मांडून बघा:

९ तिट, १० कत, ११ धा
१२ तिट, १३ कत, १४ धा
१५ तिट, १६ कत, १ धा

तीन धा आले ते ११, १४ आणि समेवर. आता हीच तिहाई दहाव्या मात्रेपासून उचलली तर धा येतील १२, १५ आणि २ वर. विद्यार्थ्याचं हेच होत होतं.

वाजवण्याआधी ही तिहाई हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने म्हणा. पहिला 'तिट' म्हणताना हात खालीसाठी बाहेर गेलेला असला पाहिजे, ही पहिली खूण. दुसरी खूण तेराव्या मात्रेला: तिसरी टाळी पडताना तोंडात 'कत' असला पाहिजे. तिथं 'तिट' किंवा 'धा' असेल तर तुम्ही चुकलात, समेपर्यंत थांबायची गरज नाही. चूक तिथंच पकडता आली की शेवटी नुसतं 'चुकलं' एवढंच कळत बसत नाही, कुठं चुकलं तेही कळतं.

त्याला मी एवढंच सांगितलं की ठेका वाजवताना डग्गा थांबण्याची वाट पाहू नकोस. आठव्या धानंतर जो धा येतो, त्याच्या जागी तिट ठेव. म्हणजे तिहाई भरीव धाला काढून त्याच्या जागी बसते. 'धा धिं धिं धा, धा धिं धिं धा,' आणि लगेच 'तिट'. रिकामं काही ऐकूच यायचं नाही. दोन-तीन वेळा त्याचा हात नवव्या धावर गेला, सवयीने. मग एकदा तिट जागेवर पडला आणि तिहाई समेवर आली. तो थांबला नाही, तसाच ठेक्यात गेला, आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा बरोबर आला.

कायद्यात मात्र खाली जागेवर येते

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढच्या महिन्यात गोंधळ होईल. बहुतेकांना शिकवला जाणारा दिल्लीचा कायदा घ्या. बरोबरीच्या लयीत, म्हणजे एका मात्रेला एक अक्षर, तो असा बसतो:

धा धा ति ट
धा धा तूं ना
ता ता ति ट
धा धा तूं ना

इथं नववी मात्रा ता आहे, रिकामी, आणि तेरावी धा, भरीव. म्हणजे कायद्याची खाली हाताच्या खालीशी जुळते, ठेक्यासारखी एक मात्रा सरकलेली नसते. ठेक्याहून कायद्याकडे जाताना कानाला हा फरक खटकतो आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं.

आणि हाच कायदा दुप्पट लयीत वाजवला की तो आठ मात्रांत संपतो. मग त्याचा रिकामा भाग पाचव्या मात्रेपासून सुरू होतो, जिथं तालाची दुसरी टाळी असते. म्हणजे कायद्याची खाली ही कायद्याची, तालाची खाली ही तालाची. हात तालाबरोबर चालतो, बोलांबरोबर नव्हे. ठेक्याची दुगुन म्हणतानाही हेच घडतं. हात एक आवर्तन दाखवतो, तेवढ्यात तोंड ठेका दोनदा म्हणतं, आणि दुसऱ्यांदा म्हणायला सुरुवात करताना, तोंडात समेचा धा असताना, हात खालीसाठी बाहेर गेलेला असतो. तो तसाच गेला पाहिजे.

वहीतल्या खुणा

मिरजेच्या परीक्षांना, म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना, ताललिपी लिहावी लागते. तिथं एका खुणेपायी गुण जाताना मी पाहिले आहेत. भातखंडे पद्धतीत समेला × ही खूण, खालीला ०, आणि बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे टाळीचे क्रमांक. पलुस्कर पद्धतीत समेला १, खालीला + ही खूण, आणि बाकीच्या टाळ्यांना त्यांची मात्रा, म्हणजे त्रितालात ५ आणि १३. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेले, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या वह्यांमध्ये त्यांची लिपी बरीच दिसते. घाईत लिहिलेला × आणि + सारखेच दिसतात, आणि एकात ती सम असते, दुसऱ्यात खाली. कुठली लिपी वापरताय ते पानाच्या वर आधी लिहा, आणि एका तालात दोन लिप्या मिसळू नका.

दुसरा ताल घेताना

नवा ताल शिकताना हाच प्रश्न आधी विचारा: हाताची खाली कुठं, आणि डग्गा कुठं थांबतो? झपतालात दहा मात्रा:

धी ना
धी धी ना
ती ना
धी धी ना

टाळ्या १, ३ आणि ८ वर, खाली सहाव्यावर. सहावा बोल ती, म्हणजे रिकामा, आणि आठवा धी, भरीव. इथं हात आणि कान जुळतात, म्हणून मला दुसरा ताल म्हणून झपताल द्यायला आवडतो. मात्र यात 'ना' सगळीकडे डग्ग्याशिवाय आहे, त्यामुळे पोकळी ओळखायची ती 'ती'वरून, 'ना'वरून नव्हे.

रूपक त्यानंतरच घ्या. सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, आणि पहिल्या मात्रेवर, समेवरच, खाली. हात समेला टाळी न देता बाहेर जातो. त्रितालात डग्गा परतला की पुढे तीन मात्रांनी सम येते. रूपकात डग्गा पहिल्यांदा बोलतो तेव्हा सम तीन मात्रांपूर्वीच होऊन गेलेली असते. त्रितालाची चार मिनिटांची कसोटी ज्याला सहज जमते त्यालाच मी रूपक देतो, कारण इथं समेला टेकायला भरीव आवाज मिळत नाही, ती हाताने आणि मोजणीनेच धरावी लागते.